एकशेवीस तारे, सोळा तारे, शून्य तारे

स्पीडरनिंग म्हणजे एखादा व्हिडिओ गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत कमीत कमी वेळात पुरा करणे. पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ती बोटांची चपळाई. पण ती बोटे चालू लागण्याच्या बऱ्याच आधी वहीत आणि तक्त्यांत पुष्कळ काम झालेले असते. खेळातल्या कोणत्या गोष्टी करायच्या, कोणत्या सोडून द्यायच्या आणि करायच्या त्या कोणत्या क्रमाने, हे ठरवणाऱ्या आराखड्याला या क्षेत्रात ‘रूट’ म्हणतात. रूट कच्चा असेल तर एकही चूक न करता खेळणाऱ्यालाही विक्रम मिळत नाही. गणितात ज्याला इष्टतमीकरणाचा प्रश्न म्हणतात तोच हा प्रश्न आहे: एक राशी, म्हणजे लागणारा वेळ, शक्य तितकी लहान करायची आणि तसे करताना ठरलेल्या अटी मोडायच्या नाहीत. अटी बदलल्या की उत्तर बदलते, आणि पुष्कळदा प्रश्नही वेगळा होऊन बसतो. एकाच खेळाच्या चार-पाच वेगवेगळ्या क्रमवाऱ्या का असतात, याचे कारण इथेच आहे.

हे सगळे नीट दिसते ते ‘सुपर मारिओ ६४’ या खेळात. निन्टेन्डोने १९९६ मध्ये आपल्या निन्टेन्डो ६४ या यंत्राबरोबर तो बाजारात आणला. मारिओ एका किल्ल्यात शिरतो. किल्ल्याच्या भिंतींवर चित्रे टांगलेली आहेत आणि चित्रात उडी मारली की त्यामागचे एकेक जग उघडते. अशी १५ जगे आहेत आणि प्रत्येकात ७ तारे आहेत. किल्ल्याच्या कानाकोपऱ्यांत आणखी १५ तारे दडलेले आहेत. एकूण १२०. किल्ल्यात तळमजला, तळघर आणि वरचे मजले असून बाउझर या खलनायकाशी तीन लढती कराव्या लागतात. पहिली जिंकली की तळघराची किल्ली मिळते, दुसरी जिंकली की वरच्या मजल्याची, आणि तिसरी जिंकली की खेळ संपतो.

मारिओला कुठेही मोकळेपणाने जाता येत नाही, आणि रूट आखणाऱ्याला काम मिळते ते यामुळेच. बाउझरच्या पहिल्या लढतीचे दार ८ तारे असल्याशिवाय उघडत नाही. तळघरातल्या ‘डायर डायर डॉक्स’ या पाण्याखालच्या जगाच्या दाराला ३० तारे लागतात, आणि त्या जगातला पहिला तारा घेतला की चित्र मागे सरकून बाउझरच्या दुसऱ्या लढतीकडे जाणारा खड्डा मोकळा होतो. सर्वांत वरच्या मजल्याचे दार ५० ताऱ्यांचे. त्यापुढे एक जिना आहे. ७० तारे नसतील तर तो कधी संपतच नाही. मारिओ कितीही वर चढला तरी खेळ त्याला गुपचूप खाली आणून ठेवतो. या मोठ्या दारांखेरीज लहान अटीही आहेत. किल्ल्यात उभे असलेले तीन सेवक अनुक्रमे १२, २५ आणि ३५ तारे झाल्यावरच आपापला तारा देतात. तळघरातला ससा १५ तारे झाल्यावर पहिल्यांदा दिसतो आणि ५० झाल्यावर दुसऱ्यांदा. काही तारे विशिष्ट टोपी मिळाल्याखेरीज हाती येत नाहीत आणि त्या टोपीचे बटण भलत्याच ठिकाणी असते.

सगळे १२० तारे घ्यायचे, ही सर्वांत सरळ अट. इथे काय घ्यायचे हा प्रश्नच उरत नाही, फक्त क्रम ठरवायचा असतो. गणितातला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न प्रसिद्ध आहे: अनेक गावांना एकेकदा भेट द्यायची आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवायचे. मारिओचा प्रश्न दिसायला तसाच आहे. नुसत्या १५ जगांचा क्रम लावायचा म्हटला तरी एक लाख तीस हजार कोटींहून अधिक प्रकारे लावता येतो. दारांच्या अटींमुळे यांतले बहुतेक क्रम बाद होतात. तळघराची किल्ली नसताना तळघरातल्या जगांचा विचार करण्यात अर्थ नाही. तरीही उरलेले पर्याय एकेक करून तपासण्याजोगे नसतात, कारण एका जगाला एकदाच भेट द्यावी असे बंधन नाही. जगातले काही तारे आधी आणि काही नंतर घेता येतात.

विक्रेत्याच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न अवघड होतो तो आणखी एका कारणाने. दोन गावांतले अंतर विक्रेता केव्हा निघाला यावर ठरत नाही. मारिओच्या किल्ल्यात मात्र एखादी गोष्ट करायला किती वेळ लागेल हे त्याआधी काय काय झाले आहे यावर ठरते. ‘टिक टॉक क्लॉक’ हे जग एका मोठ्या घड्याळाच्या आत आहे. त्यात उडी मारताना मिनिटकाटा कुठे आहे त्यावर आतल्या यंत्रांची चाल ठरते. काटा बारावर असेल तर सगळे थांबलेले, तीनवर असेल तर संथ, नऊवर असेल तर जलद, आणि सहावर असेल तर बेभरवशाचे. म्हणजे त्या जगातल्या एका ताऱ्याची किंमत इतके सेकंद, असे कोष्टकात लिहिता येत नाही. काटा कुठे असताना, हेही लिहावे लागते.

म्हणून रूट आखणारे प्रत्येक टप्प्यावरची पूर्ण स्थिती नोंदवतात: मारिओ कुठे उभा आहे, किती तारे झाले, कोणत्या किल्ल्या आणि टोप्या मिळाल्या, कोणती दारे उघडली. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जायला लागणारा वेळ ही त्या दोघींना जोडणाऱ्या वाटेची किंमत. तत्त्वतः अशा नकाशावरची सर्वांत स्वस्त वाट संगणकाला शोधता येते. पण स्थितींची संख्या अफाट असते, आणि प्रत्येक वाटेची किंमत कुणीतरी खेळून मोजलेली असावी लागते. त्यामुळे प्रत्यक्षात जुना चांगला रूट घ्यायचा, त्यात एक-दोन अदलाबदली करून पाहायच्या आणि वेळ कमी झाला तर त्या ठेवायच्या, अशीच पद्धत चालते. अशी पद्धत कधीकधी एखाद्या उत्तरापाशी अडकते, कारण लहान बदलांनी ते सुधारत नाही आणि मोठा बदल सुचत नाही. वर्षानुवर्षे पक्का मानलेला रूट एखाद्या नव्या माणसाच्या उलट्या क्रमाने मोडीत निघतो तो यामुळेच.

जवळून पाहण्यासारखी एक गोष्ट म्हणजे शंभर नाण्यांचा तारा. प्रत्येक जगात १०० नाणी गोळा केली की एक तारा मिळतो. इतर कोणताही तारा घेतला की खेळ मारिओला त्या जगातून बाहेर काढतो. मग पुन्हा चित्रात उडी मारायची, कोणता तारा हवा ते निवडायचे आणि सुरुवातीपासून चालायचे. शंभर नाण्यांचा तारा याला अपवाद आहे. तो घेतल्यावर मारिओ त्याच जागी राहतो आणि फेरी चालू राहते. म्हणून ही नाणी वेगळ्या फेरीत कधीच गोळा करत नाहीत, ती नेहमी दुसऱ्या एखाद्या ताऱ्याला जोडतात. प्रश्न असतो कोणत्या ताऱ्याला जोडायची हा.

पहिल्यांदा सुचणारे उत्तर असे, की सर्वांत कमी वेळाचा तारा निवडावा, म्हणजे जोडफेरी आटोपशीर राहील. ते चुकीचे आहे. नाण्यांसाठी जगभर भटकावे तर लागणारच. म्हणून ज्या ताऱ्याची वाट नाण्यांच्या वाटेवरूनच जाते तो निवडला पाहिजे, मग तो एकटा घेतला असता वेळखाऊ का असेना. समजा, जवळच्या ताऱ्याला स्वतंत्रपणे १५ सेकंद लागतात आणि लांबच्या ताऱ्याला ६०. नाणी गोळा करायला ९० सेकंद लागतात आणि त्या फेरीत लांबच्या ताऱ्याची ५० सेकंदांची वाट आपोआप चालून होते. नाणी जवळच्या ताऱ्याला जोडली तर त्याची फार तर १५ सेकंदांची वाट वाचते, लांबच्याला जोडली तर ५०. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, पण हिशेब असाच करतात: जोडी करून किती वेळ लागला हे गौण असते, दोन वेगळ्या फेऱ्यांच्या मानाने किती वाचला हे पाहायचे असते.

प्रवासाचा हिशेबही असाच बारकाईने होतो. एखाद्या जगात स्थिर उभे राहून खेळ थांबवला तर पडद्यावर जगाबाहेर पडण्याचा पर्याय येतो. तो निवडला की मारिओ त्या चित्राजवळ न येता थेट किल्ल्याच्या दर्शनी दालनात येतो. ही सोय चुकलेल्या खेळाडूसाठी ठेवलेली आहे. रूट आखणाऱ्याला मात्र ती फुकटची वाहतूक वाटते. तळघराच्या टोकाला काम संपले आणि पुढचे काम तळमजल्यावर असेल, तर जवळच्या चित्रात उडी मारून लगेच बाहेर पडणे हे चालत जाण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

रूटमधल्या चुका दोन जातींच्या असतात. पहिली सरळ मोजणीची. एखादा तारा दुसरीकडे हलवला आणि ३० ताऱ्यांच्या दाराशी पोहोचल्यावर खात्यात २९ निघाले. अशी चूक कागदावरच पकडता येते. प्रत्येक दार, सेवक आणि सशापाशी एकूण तारे लिहून वरून खाली बेरीज तपासली की ती उघडी पडते. दुसरी चूक फसवी असते. रनर आपल्या धावेचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेळ घड्याळात वेगळा नोंदवतात. त्या तुकड्यांना ‘स्प्लिट’ म्हणतात. नव्या युक्तीने एका स्प्लिटमध्ये दोन सेकंद वाचले की आनंद होतो. पण त्या युक्तीनंतर मारिओ दारापासून लांब, उलट्या दिशेला तोंड करून उभा राहत असेल तर ते दोन सेकंद पुढच्या स्प्लिटमध्ये परत जातात. म्हणून दोन पर्यायांची तुलना नेहमी एका सामाईक क्षणापासून दुसऱ्या सामाईक क्षणापर्यंत करावी लागते. सामाईक म्हणजे जागा, तारे आणि हालचाल, सगळेच सारखे. प्रत्येक स्प्लिटमधल्या आपल्या सर्वोत्तम वेळांची बेरीज करून ‘मला इतके शक्य आहे’ असे मानणाऱ्यांची फसगतही इथेच होते. एका तुकड्याचा तो सर्वोत्तम वेळ पुढच्या तुकड्याला महाग पडलेला असू शकतो.

सगळे तारे घेण्याऐवजी ७० च घ्यायचे ठरवले की प्रश्नाचे रूप पालटते. आता क्रमाबरोबर निवडही आली. १२० मधले कोणते ७०? प्रत्येक ताऱ्याला किंमत आहे आणि हवे आहेत ठरावीक संख्येने, तेव्हा स्वस्त तारे निवडायचे. पण ‘स्वस्त’ म्हणजे एकटा तारा स्वस्त असणे नव्हे. जवळजवळ असलेल्या स्वस्त ताऱ्यांचे घोळके शोधावे लागतात, कारण एका तीस सेकंदांच्या ताऱ्यासाठी किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला जाणे परवडत नाही. शंभर नाण्यांचे बहुतेक तारे इथे गळतात.

या निवडीचा परिणाम विक्रमांच्या वेळांतून वाचता येतो. अव्वल खेळाडूंना १२० ताऱ्यांसाठी साधारण ९६ मिनिटे लागतात, ७० साठी सुमारे ४६, १६ साठी साडेचौदा आणि शून्य ताऱ्यांसाठी सव्वासहा मिनिटांच्या आसपास. शून्य ताऱ्यांची धाव कशी शक्य होते ते पुढे येईल. तूर्त इतकेच लक्षात घ्यावे की त्या सव्वासहा मिनिटांत फक्त किल्ल्यातला प्रवास आणि बाउझरच्या तीन लढती आहेत, म्हणजे हा कुणालाही न चुकणारा खर्च. तो वजा केला तर पहिल्या १६ ताऱ्यांना मिळून सव्वाआठ मिनिटे लागतात, म्हणजे दर ताऱ्याला ३१ सेकंद. पुढच्या ५४ ताऱ्यांना साडेएकतीस मिनिटे, दर ताऱ्याला ३५ सेकंद. शेवटच्या ५० ताऱ्यांना मात्र ५० मिनिटे, दर ताऱ्याला पूर्ण एक मिनिट. या धावांचे नियम अगदी सारखे नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण सोपे तारे आधी संपतात आणि उरतात ते महाग, हे त्यातून स्वच्छ दिसते. सत्तर ताऱ्यांचा रूट आखणाऱ्याचे सगळे कौशल्य त्या महाग पन्नासांना चुकवण्यात असते.

आतापर्यंत प्रत्येक हालचाल हमखास जमते असे धरले होते. माणसाच्या हातून ती तशी जमत नाही, आणि तिथे हिशेबात जोखीम येते. समजा, एका युक्तीने ४ सेकंद वाचतात, पण ती दहांपैकी सात वेळाच जमते, आणि फसली तर १० सेकंद जातात. दहा प्रयत्नांत २८ सेकंद मिळवले आणि ३० गमावले. सरासरी पाहिली तर युक्ती तोट्याची. पण विक्रमाच्या मागे लागलेला खेळाडू सरासरी पाहत नाही. त्याला शंभरांतली एक धाव उत्तम हवी असते आणि उरलेल्या नव्याण्णव तो मध्येच सोडून देतो. त्याच्यासाठी ही युक्ती घेण्याजोगी आहे. प्रेक्षकांसमोर एकदाच खेळायचे असेल तर तीच युक्ती टाळण्याजोगी. एकाच प्रकारात सुरक्षित रूट आणि धाडसी रूट असे दोन शेजारी शेजारी नांदतात ते यामुळे.

जोखमी एकमेकींशी गुणल्या जातात, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. दहांत सात वेळा जमणाऱ्या पाच युक्त्या एका धावेत घेतल्या तर पाचही जमण्याची वेळ साधारण सहा धावांत एकदा येते. दहा घेतल्या तर पस्तीस-छत्तीस धावांत एकदा. त्या युक्त्या रूटमध्ये कुठे आहेत हेही तितकेच महत्त्वाचे असते. पाचव्या मिनिटाला फसलेली युक्ती खेळाडूची पाच मिनिटे खाते, नव्वदाव्या मिनिटाला फसलेली दीड तास. म्हणून अवघड तारे शक्य तितके आधी घ्यावेत, असा एक दबाव रूटवर सतत असतो आणि तो कित्येकदा सर्वांत जवळच्या वाटेच्या विरुद्ध जातो. कागदावर दोन सेकंद जास्त लागणारा, पण अवघड भाग सुरुवातीला उरकणारा रूट प्रत्यक्षात विक्रम लवकर मिळवून देऊ शकतो. लांब धावांच्या बाबतीत तोच निवडणे शहाणपणाचे.

आता शून्य ताऱ्यांकडे. ७० ताऱ्यांचा जिना सत्तरांशिवाय ओलांडणे खेळ बनवणाऱ्यांच्या मनात नव्हते. पण मारिओची लांब उडी ज्या नियमाने चालते त्यात एक फट राहिली होती. लांब उडी सुरू झाली की मारिओचा वेग दीडपट होतो आणि तो ४८ च्या वर गेला तर ४८ वरच रोखला जातो. वेग इथे एका चित्रचौकटीत किती एकके अंतर कापले यात मोजतात. खेळाच्या आज्ञावलीत ते थोडक्यात असे आहे:

```
forwardVel *= 1.5f;
if (forwardVel > 48.0f) forwardVel = 48.0f;
```

मर्यादा आहे ती फक्त पुढच्या दिशेला. मारिओ मागे सरकत असेल तर त्याचा वेग ऋण असतो, आणि ऋण संख्या कितीही मोठी झाली तरी ती ४८ पेक्षा कमीच. जिन्याच्या पायरीपाशी किंवा बुटक्या छताखाली मागे जाणारी लांब उडी मारली की मारिओ लगेच जमिनीला टेकतो आणि बटण भराभर दाबत राहिले की पुन्हा उडी सुरू होते. दर उडीला वेग दीडपट. मधली थोडी घट सोडून दिली तर उणे १६ पासून निघालेला वेग पाच उड्यांत उणे १२१ च्या पुढे आणि दहा उड्यांत उणे ९०० च्या पलीकडे जातो. खेळ प्रत्येक चौकटीत मारिओचा मार्ग फक्त चार टप्प्यांत तपासतो. वेग इतका वाढला की भिंत, दार किंवा ‘इथे आला तर मागे पाठवा’ अशी खूण असलेली फरशी दोन टप्प्यांच्या मध्येच ओलांडली जाते. न संपणारा जिना अशा रीतीने संपतो. या चालीला खेळाडू ‘बीएलजे’ म्हणतात.

बीएलजेमुळे ५० आणि ७० ताऱ्यांच्या अटी कोसळल्या. ३० ताऱ्यांचे दार उरले होते, ते सशाने पार करून दिले. ससा हातात धरून दाराला अगदी चिकटून खाली ठेवला की मारिओ दारातून पलीकडे ढकलला जातो. ससा १५ तारे झाल्यावरच दिसतो आणि डायर डायर डॉक्समधला एक तारा घ्यावाच लागतो, म्हणून आकडा ठरला १६. हा आकडा कुणी पसंत केलेला नाही, शिल्लक राहिलेल्या अटींतून तो आपोआप निघाला. पुढे ८ आणि ३० ताऱ्यांची दारेही बीएलजेने ओलांडण्याच्या जागा सापडल्या. ससा अनावश्यक झाला आणि उरला तो पाण्याखालचा एकच तारा. शेवटी बाउझरच्या खड्ड्यापर्यंत त्या ताऱ्यावाचून पोहोचण्याची वाट मिळाली आणि आकडा शून्यावर आला. हा सगळा प्रवास २००० नंतरच्या दशकात घडला.

प्रत्येक शोधानंतर खेळाडूंपुढे एकच प्रश्न होता: जुन्या धावांचे काय करायचे? एकच क्रमवारी ठेवली असती तर सव्वासहा मिनिटांच्या धावेने बाकी सगळ्या धावा बाजूला सारल्या असत्या आणि १५ पैकी एकाही जगात कुणी पाय ठेवला नसता. कमी वेळ तो वरचा, हा नियम तिथे बरोबर लागू होतो; पण त्यातून कुणाची कशाशी तुलना होते आहे ते कळत नाही. शून्य ताऱ्यांच्या धावेत पणाला लागते ते मोजक्या चालींतले कमालीचे नेमकेपण. १२० ताऱ्यांत दीड तासाची एकाग्रता आणि शेकडो जागांची माहिती लागते. ७० च्या रूटमध्ये निवडीचे कसब. या तीन प्रश्नांची उत्तरे एका तक्त्यात वेळेनुसार लावणे म्हणजे लक्ष्य एकच आणि अटी वेगळ्या असलेल्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहणे.

म्हणून १२०, ७०, १६, १ आणि ० अशा पाच क्रमवाऱ्या राहिल्या आणि पाचही आजवर चुरशीने खेळल्या जातात. यांत ७० ताऱ्यांचा प्रकार मुद्दाम टिकवलेला आहे. तिथे बीएलजेला बंदी आहे. खेळाने ठरवून दिलेली किमान संख्या पाळून तो किती लवकर पुरा करता येतो, एवढेच तिथे पाहायचे. बंदी ही इथे गणितातल्या जादा अटीसारखी आहे. ती काढली तर उत्तर १६ किंवा शून्याच्या रूटकडे घसरते आणि मूळ प्रश्न नाहीसा होतो. १२० मध्ये मात्र बीएलजे चालते. तिथे तारे तर सगळेच घ्यायचे असतात, तेव्हा तिच्यामुळे फक्त प्रवास लवकर होतो आणि धावेचे स्वरूप तसेच राहते. एखादी युक्ती कोणत्या प्रकारात चालावी याचे उत्तर ती त्या प्रकाराचा प्रश्न मोडते की नुसता लहान करते, यावर ठरते.

इतर खेळांत हेच प्रकार वेगळ्या नावांनी दिसतात. ‘एनी पर्सेंट’ म्हणजे कसेही करून शेवट गाठा, ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणजे सगळे गोळा करून गाठा. पैकी हंड्रेड पर्सेंटची व्याख्या करणे दिसते त्याहून कठीण आहे, कारण पुष्कळ खेळ ‘सगळे’ म्हणजे काय ते स्वतः सांगत नाहीत आणि यादी खेळाडूंनाच ठरवावी लागते. एनी पर्सेंटची अडचण उलटी. १९९८ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ या खेळात यंत्राच्या स्मृतीत हवे ते लिहून थेट शेवटची श्रेयनामावली सुरू करता येते, असे सापडले. अनेक तासांचा खेळ चार मिनिटांच्या आत संपू लागला. ज्यांना त्या खेळातली तळघरे, राक्षस आणि वाटा यांतच रस होता त्यांच्यासाठी ती युक्ती वर्ज्य करणारे आणि सगळी तळघरे पुरी करायला लावणारे स्वतंत्र प्रकार आहेत.

अटी फक्त खेळातल्या नसतात, यंत्राच्याही असतात. डायर डायर डॉक्समधली पाणबुडी पडद्यावर आली की मूळ निन्टेन्डो ६४ ची चाल मंदावते. तोच खेळ निन्टेन्डोच्या नंतरच्या यंत्रावर ‘व्हर्च्युअल कन्सोल’मध्ये चालवला किंवा संगणकावर एम्युलेटर लावून चालवला तर ती मंदगती कमी होते. हात तितकेच चांगले असूनही वेळ वेगळा येतो. म्हणून या खेळाच्या क्रमवारीत प्रत्येक धावेपुढे ती कोणत्या यंत्रावर झाली हे नोंदवतात आणि तसे वेगळे करून पाहता येते. आवृत्त्यांचेही तसेच. जपानी मजकूर कमी अक्षरांत संपतो आणि संवाद लवकर उरकतात, म्हणून जपानी येत नसतानाही पुष्कळ जण जपानी आवृत्ती निवडतात. १९९७ मध्ये जपानात निघालेल्या ‘शिंदो’ आवृत्तीत मात्र बीएलजे दुरुस्त केलेली आहे, त्यामुळे तिच्यात शून्य ताऱ्यांचा हा रूट चालतच नाही. भाषेच्या फरकासाठी वेगळी क्रमवारी काढलेली नाही, कारण जलद आवृत्ती कुणालाही निवडता येते. जी अट सगळ्यांना सारखी उपलब्ध आहे तिच्यासाठी फाटा फोडण्याची गरज नसते.

फाटे फोडण्यालाही किंमत असते. प्रकार जितके जास्त तितके प्रत्येकात खेळाडू कमी, आणि चार जणांच्या क्रमवारीत पहिला येण्याने रूट फारसा सुधारत नाही. रूट चांगला होतो तो अनेकांनी एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे डोके खाजवल्याने. स्पीडरन डॉट कॉमसारख्या नोंदणीच्या ठिकाणी प्रत्येक खेळाचे स्वयंसेवक नियामक असतात. धावेची चित्रफीत पाहून ती मान्य करणे आणि नवा प्रकार घ्यायचा की नाही हे ठरवणे, ही कामे त्यांच्याकडे. नवा प्रकार सुचवणाऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक म्हणजे त्याचा रूट आधीच्या एखाद्या प्रकाराच्या रूटचा निव्वळ तुकडा नाही. दुसरी म्हणजे त्याची अट चित्रफीत पाहून निःसंदिग्धपणे तपासता येते. ‘ग्लिच वापरायचे नाहीत’ ही अट इथेच अडखळते, कारण खेळ बनवणाऱ्याच्या मनात नसलेली प्रत्येक चाल ग्लिच मानायची का, हे यादी केल्याशिवाय सांगता येत नाही. ‘बीएलजे नाही’ ही अट मात्र टिकते, कारण मागे जाणारी उडी चित्रफितीत स्पष्ट दिसते. ज्या कल्पना या कसोट्या पुऱ्या करत नाहीत, किंवा करतात पण खेळणारे मोजकेच असतात, त्या मुख्य तक्त्यात न घेता बहुतेक मोठ्या खेळांसाठी ‘कॅटेगरी एक्स्टेन्शन्स’ नावाचा वेगळा तक्ता ठेवतात आणि त्यांची नोंद तिथे होते.